दाबाचा काटा आणि वाफेचं तापमान

जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हच्या शेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर तीन आकडे असतात: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. परीक्षेतही हेच विचारतात, आणि विद्यार्थी पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. आज आपण या तीन आकड्यांचा इतिहास पाहणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. यातला दाब कुणालाच मारत नाही. पंधरा पौंडाच्या दाबानं एकही जीवाणू मरत नाही. त्याहून कितीतरी पट जास्त दाबाखाली, समुद्राच्या तळाशी, जीवाणू सुखानं राहतात. मारते ती वाफेची उष्णता. दाब हा ती वाफ शंभर अंशांच्या वर नेण्याचा फक्त मार्ग आहे. हे एवढंच वाक्य नीट कळायला माणसांना शंभर वर्षं लागली, आणि न कळल्याची किंमत काही जणांनी जिवानं मोजली.

सुरुवात करू या वाळलेल्या गवतापासून. १८७६ सालची गोष्ट आहे, लंडनची. जॉन टिंडल हे रॉयल इन्स्टिट्यूशनमधले भौतिकशास्त्रज्ञ. जिवंत वस्तू आपोआप निर्माण होते की आधीच्या जिवंत वस्तूपासूनच होते, या वादात ते पाश्चर यांच्या बाजूचे होते. त्यांची पद्धत साधी होती. भाजीचा, मांसाचा, गवताचा काढा करायचा, धूळ नसलेल्या पेटीत नळ्यांमध्ये भरायचा, पाच मिनिटं उकळायचा आणि ठेवून द्यायचा. काढा महिनोन्‌महिने नितळ राहायचा. आधीच्या हिवाळ्यात हे प्रयोग छान जमले होते. १८७६ च्या शरद ऋतूत तेच प्रयोग पुन्हा करायला घेतले, तर काढे नासायला लागले. पाच मिनिटं उकळून नासले, जास्त वेळ उकळूनही नासले. पुढे तर काही काढे तास न्‌ तास उकळल्यावरही गढूळ झाले.

आता टिंडल यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? एक सोपा मार्ग होता: विरोधकांचं बरोबर आहे असं मान्य करायचं. टिंडल यांनी ते केलं नाही. त्यांचा संशय गेला प्रयोगशाळेत आणून ठेवलेल्या जुन्या वाळलेल्या गवताच्या भाऱ्यावर. त्या गवताची धूळ सगळ्या जागेत पसरली होती. ते उठून क्यू इथल्या वनस्पती उद्यानातल्या नव्या प्रयोगशाळेत गेले, आणि तिथे तीच पाच मिनिटांची कृती पुन्हा यशस्वी झाली. म्हणजे उकळण्यात बदल नव्हता, काढ्यात काय पडलं होतं त्यात बदल होता. त्याच वर्षी ब्रेस्लाउ शहरात फर्डिनांड कोन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर पाहिलं. गवतावरचा जीवाणू, ज्याला आपण बॅसिलस सबटिलिस म्हणतो, परिस्थिती बिघडली की स्वतःच्या आत एक टणक बीजाणू तयार करतो. हा बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाही. पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. आच कितीही वाढवा, पातेल्यातलं पाणी लवकर आटेल, पण त्याहून तापणार नाही.

टिंडल यांनी यावर काढलेला तोडगा हुशार होता. उकळा, थांबा, बीजाणूंना रुजू द्या, मग पुन्हा उकळा. रुजलेला जीवाणू उकळण्यानं सहज मरतो. असं चार-पाच वेळा केलं की काढा निर्जंतुक. आजही ज्या माध्यमांना जास्त उष्णता सोसत नाही, ती तीन दिवस रोज अर्धा तास शंभर अंशांच्या वाफेत ठेवतात, त्याला टिंडलायझेशन म्हणतात. पण त्यासाठी बीजाणूंनी तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे रुजायला हवं. साध्या पाण्यात किंवा मिठाच्या द्रावणात ते रुजतच नाहीत, आणि मग ही पद्धत निरुपयोगी ठरते.

दुसरा रस्ता पॅरिसमध्ये निघाला. पाश्चर यांचाही १८७६ मध्येच हेन्री चार्लटन बॅस्टियन यांच्याशी वाद चालू होता. बॅस्टियन उकळलेल्या मूत्रात पोटॅश घालून त्याची आम्लता घालवत आणि मग त्यात जीवाणू वाढलेले दाखवत. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतले तरुण सहकारी शार्ल शांबरलाँ या कामात होते. त्यांच्या लक्षात आलं की आम्लधर्मी द्रवात बीजाणू जिवंत राहूनही गप्प बसतात, आणि आम्लता घालवली की उठतात. म्हणजे शंभर अंश पुरेसे वाटत होते ते फक्त वाटत होते. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत द्रव पदार्थ ११५ ते १२० अंशांपर्यंत तापवायची शिस्त लागली. त्यासाठी शांबरलाँ यांनी घट्ट झाकणाचं, पेचांनी आवळायचं, सुरक्षा झडपेचं एक भांडं वापरात आणलं. हाच ऑटोक्लेव्ह. भांड्याची कल्पना जुनीच, जवळजवळ दोनशे वर्षांची. १६७९ मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थानं लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हाडं मऊ करण्याचं घट्ट भांडं ठेवलं होतं. सुरक्षा झडपही त्याचीच. आपल्या ओट्यावरचा कुकर आणि प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह ही एकाच आजोबांची नातवंडं आहेत, आणि हे नातं पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

इथे कुणीही विचारील, तापवायचंच तर वाफच कशाला? कोरडी भट्टी का नको? हा प्रश्न १८८१ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. कोरड्या गरम हवेत अँथ्रॅक्सचे बीजाणू मारायला १४० अंश आणि तीन तास लागले. वाफेत तेच बीजाणू कितीतरी कमी तापमानाला, मिनिटांमध्ये गेले. कारण अंड्याच्या पांढऱ्यात आहे. पांढऱ्यात भरपूर पाणी असेल तर तो साठ अंशांच्या आसपास गोठतो. तोच पांढरा पूर्ण सुकवून पूड केली तर १६० अंशांच्या पुढे जाईपर्यंत गोठत नाही. जीवाणूंची प्रथिनंही तशीच, त्यांना मोडायला पाणी लागतं.

दुसरं कारण उष्णतेच्या साठ्याचं आहे. एक किलो पाणी एक अंशानं थंड झालं तर सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता देतं. एक किलो वाफ १२१ अंशांवर नुसती पाणी झाली, तापमान जराही न उतरता, तर सुमारे २,२०० किलोज्यूल देते. हातावर गरम हवा आली तर आपण हात मागे घेतो, आणि वाफ आली तर फोड येतो, तो यामुळेच. शिवाय वाफेचं पाणी झालं की तिचं आकारमान आठशे-साडेआठशे पटींनी घटतं, तिथे पोकळी होते, आणि त्या पोकळीत नवी वाफ ओढली जाते. म्हणजे वाफ कापसाच्या बोळ्यात, कापडाच्या घडीत स्वतःहून शिरते. गरम हवा असं काही करत नाही.

मग १५ मिनिटं कुठून आली? हा भाग मुख्यतः डबाबंद अन्नाच्या धंद्यानं शिकवला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत डब्यातल्या ऑलिव्हमधून बॉट्युलिझमची विषबाधा झाली, माणसं मेली, आणि त्यानंतर १९२२ मध्ये एस्टी आणि मायर यांनी त्या जीवाणूचे बीजाणू कोणत्या तापमानाला किती वेळात मरतात ते मोजलं. या सगळ्या मोजमापातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, जीवाणू सगळे एकदम मरत नाहीत. ठरावीक वेळात दहातले नऊ मरतात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले दहातले नऊ, असं चालतं. दुसरी, तापमान दहा अंशांनी उतरलं की हा वेळ साधारण दहापट होतो.

हे दोन नियम हाताशी ठेवून एक हिशेब करू. ऑटोक्लेव्ह तपासायला आज जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, फार चिवट जीवाणूचे बीजाणू वापरतात. १२१ अंशांच्या वाफेत त्यांच्यातले दहातले नऊ मरायला दीड ते दोन मिनिटं लागतात. आपण दोन धरू. दहा लाख बीजाणू घेतले. दोन मिनिटांनी एक लाख उरले, चार मिनिटांनी दहा हजार, असं करत बारा मिनिटांनी एक. चौदा मिनिटांनी एकदशांश, म्हणजे अशा दहा कुप्या ठेवल्या तर एकीत एखादा जिवंत. पंधरा मिनिटं म्हणजे हा टप्पा ओलांडून थोडं पुढे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं १९५९ मध्ये वेळा ठरवून दिल्या, १२१ अंशांना १५ मिनिटं, १२६ ला १० आणि १३४ ला ३, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. आकड्यात सुरक्षिततेसाठी फाजील जागा आहे, पण ती तापमानाच्या चुका पोटात घालण्याइतकी नाही. तापमान १११ ला राहिलं तर दोन मिनिटांचे वीस मिनिटं होतात. पंधरा मिनिटांत दहातले नऊ मरण्याचा एक टप्पाही पुरा होत नाही. १०१ ला राहिलं तर टप्प्याला दोनशे मिनिटं. टिंडल यांचे काढे तासन्‌तास उकळूनही का नासत होते, ते आता आकड्यांत दिसतं.

आता येऊ त्या जागी, जिथे खरी गडबड होते. दाबाचा काटा १५ वर आहे. तापमान १२१ आहे का? असेल, जर भांड्यात नुसती वाफ असेल तर. भांड्यात हवा राहिली असेल तर काटा हवेचा आणि वाफेचा मिळून दाब दाखवतो, आणि तापमान मात्र वाफेच्या वाट्याला आलेल्या दाबापुरतंच चढतं. आपल्या घरी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्याला नाव नाही. वरून झाकण लागणाऱ्या कुकरला आई लगेच शिट्टी लावत नाही. आधी नळीतून वाफेचा सरळ, जोरदार फवारा येऊ देते, मग शिट्टी ठेवते. का, विचारलं तर सांगेल, नाहीतर डाळ नीट शिजत नाही. ती हवा बाहेर काढत असते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांमध्ये याचा एक तक्ता असतो. काटा १५ पौंडांवर आहे असं धरून: हवा पूर्ण गेली असेल तर १२१ अंश. दोन तृतीयांश गेली असेल तर ११५. निम्मी गेली असेल तर ११२. अजिबात काढली नसेल तर जेमतेम शंभर, प्रत्यक्षात त्याहूनही खाली. प्रत्येक वेळी काटा मात्र १५ वर आणि घड्याळात १५ मिनिटं! निम्म्या हवेचा हिशेब लावून पाहा. ११२ अंशांना आपला दोन मिनिटांचा टप्पा सोळा मिनिटांचा होतो. दहा लाखांतले लाखभर बीजाणू शाबूत, आणि नोंदवहीत मात्र सगळं ठीक.

बरं, हवा सगळीकडे सारखी मिसळून राहील असंही नाही. एकाच तापमानाला हवा वाफेपेक्षा जड असते. त्यामुळे बाहेरून वाफ सोडायच्या मोठ्या यंत्रात वाफ वरून शिरते, हवेला खाली ढकलते, आणि तळाच्या नळीतून हवा बाहेर पडते. ती नळी तुंबली की तळाशी थंड हवेचं डबकं साचतं. वरच्या कप्प्यात १२१ आणि खालच्या कप्प्यात काही वेगळंच. प्रयोगशाळेतल्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये तळाशी पाणी उकळतं आणि नळी वर असते, तिथे वाफ हवेला ढवळत बाहेर नेते. म्हणून वाफ दिसायला लागल्याबरोबर झडप बंद करणं चूक. चांगला सलग फवारा सुरू झाल्यावर आणखी पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात. घाईत असलेला माणूस वाचवतो ती नेमकी हीच पाच मिनिटं.

जाता जाता उंचीबद्दल. काटा जो दाब दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, तेवढाच. मुंबईत समुद्रसपाटीला १५ पौंडांवर शुद्ध वाफ १२१ अंशांची असते. पुण्यात, साडेपाचशे मीटरांवर, ती सुमारे १२० ची. महाबळेश्वरला, चौदाशे मीटरांच्या जवळपास, बाहेरचाच दाब इतका कमी की त्याच १५ पौंडांवर वाफ ११८.५ अंशांच्या आसपास राहते. अडीच अंशांनी काय होतं? दोन मिनिटांचा टप्पा साडेतीन मिनिटांच्या पुढे जातो, आणि पंधरा मिनिटांनी आपल्या दहा लाखांतले साठ-सत्तर उरतात. तिथे दाब दोन पौंडांनी वाढवायला हवा. तापमान पाहून चालवणाऱ्याला हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. दाब पाहून चालवणाऱ्याला मात्र गावागणिक आकडा बदलावा लागतो.

हे सगळं माहीत झाल्यावर १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या यंत्रांमध्ये एक बदल आला. तापमापक वरून काढून तळाच्या, हवा बाहेर पडण्याच्या नळीत बसवला गेला. सगळ्यांत शेवटी तापणारी जागा तीच. तिथे १२१ झाले तर वर झालेच असणार. तापमापकाच्या जागेचा हा बदल आम्हाला ऑटोक्लेव्हच्या इतिहासातला शांबरलाँ यांच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो, जरी त्याच्यावर कुणी टपाल तिकीट काढलेलं नाही.

पण तापमापक योग्य जागी असणं आणि माणसानं त्याच्यावर विश्वास ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या. १९७२ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ शहरात डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण शिरेतून डेक्स्ट्रोजचं सलाईन चढवल्यावर अचानक ढासळायला लागले. त्या बाटल्यांमधलं पाच टक्के डेक्स्ट्रोजचं द्रावण जंतूंनी भरलेलं निघालं. पाच मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. क्लोदियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, आणि त्याच वर्षी तिचा अहवाल आला.

समितीनं मागचा मार्ग काढला तो असा. बाटल्या जवळजवळ वर्षभर आधी, एप्रिल १९७१ मध्ये कारखान्यात भरलेल्या होत्या. त्या दिवशी ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकून राहिली. वरच्या बाटल्या तापल्या, खालच्या तापल्या नाहीत. यंत्राला तापमान कागदावर नोंदवणारं उपकरण होतं, आणि त्यानं तापमान चढत नाही असंच दाखवलं. दुसरीकडे इतर काटे नेहमीसारखे होते. चालवणाऱ्यांनी काय ठरवलं? नोंदणारं उपकरण बिघडलंय. हा निष्कर्ष आपल्याला आज बसल्या जागी मूर्खपणाचा वाटतो, पण जरा थांबा. उपकरणं बिघडतात, वारंवार बिघडतात. दोन साक्षीदार एक सांगतात आणि तिसरा वेगळं, तेव्हा तिसरा खोटा असं माणूस धरतो. फक्त इथे तिघे एकाच प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. दाबाचा काटा एकूण दाबाबद्दल सांगत होता, नोंदणारं उपकरण वाफ खालपर्यंत पोचली का ते सांगत होतं. दोन्ही खरं बोलत होते. आणि दोन्ही खरी असतील तर त्याचा अर्थ एकच होतो, भांड्यात हवा आहे. हा अर्थ लावायला यंत्र कसं चालतं ते माहीत असायला हवं. समितीनं बोट ठेवलं ते यावरच: निर्जंतुकीकरण हे सोपं काम आहे, थोड्याशा शिकवणीवर आणि फारशा देखरेखीशिवाय ते होतं, असा गैरसमज सगळीकडे आहे.

यातली सगळ्यांत अस्वस्थ करणारी बाब अशी की त्या बाटल्यांमध्ये सापडले ते चिवट बीजाणू नव्हते. क्लेबसिएला आणि त्याच्या जातकुळीतले साधे जीवाणू होते, ज्यांना बीजाणू करताच येत नाही. हे दूध तापवतो त्या उष्णतेलाही मरतात. म्हणजे तळाच्या बाटल्या १२१ ऐवजी ११५ झाल्या, असला बारीक फरक तिथे नव्हताच. त्या चहाइतक्याही गरम झाल्या नव्हत्या.

आता आपल्या प्रयोगशाळेत परत येऊ, कारण इथे हवा आणखी दोन ठिकाणी लपते, आणि वेळ आणखी एका ठिकाणी.

वेळ लपतो तो द्रवात. भिंतीवरची १५ मिनिटं ही माध्यम स्वतः १२१ अंशांना पोचल्यानंतरची आहेत. यंत्राचा काटा पोचल्यानंतरची नाहीत. टेस्ट ट्यूबमधलं १० मिलिलिटर ब्रॉथ यंत्राच्या मागोमाग काही मिनिटांत तापतं, तिथे फरक जाणवत नाही. पण एका बाटलीत एक लिटर न्यूट्रिअंट अगार घ्या. यंत्र १२१ ला पोचलं त्या क्षणी बाटलीच्या मध्यभागी अजून शंभरही झालेले नसतील. तिथवर पोचायला यंत्रानुसार आणखी १५-२० मिनिटं सहज जातात, दोन लिटरच्या चंबूला त्याहून जास्त. अशी बाटली १५ मिनिटांवर काढली तर मध्यभागाला १२१ अंशांचं एक मिनिटही मिळालेलं नसतं. अशा माध्यमात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढ दिसते, आणि विद्यार्थ्याला वाटतं, ओतताना माझा हात चुकला. कसं ओळखायचं? न टोचलेल्या काही प्लेट तशाच उबवा. ओतताना हवेतून पडलेली वसाहत सहसा पृष्ठभागावर, एखाद-दुसऱ्या प्लेटवर असते. माध्यमातूनच आलेली असेल तर बहुतेक प्लेटमध्ये सारखीच जात दिसते आणि ती अगारच्या पोटातही असते.

मग सरसकट पाऊण तास का ठेवू नये? कारण माध्यम हे अन्न आहे, आणि अन्न करपतं. ग्लुकोज आणि पेप्टोन एकत्र जास्त वेळ तापले की माध्यम तपकिरी होतं, बासुंदी आटवताना दूध रंग धरतं त्याच प्रकारे, आणि काही जीवाणूंची वाढ त्यात खुंटते. म्हणून साखर वेगळी निर्जंतुक करून नंतर मिसळतात, किंवा ११५ अंशांवरच थांबतात. आम्लधर्मी माध्यमात अगार जास्त तापवला तर तो गोठण्याची ताकदच गमावतो, प्लेट थलथलीत राहते. सोपा उपाय म्हणजे एक लिटरची एक बाटली करण्याऐवजी अडीचशेच्या चार कराव्यात. त्या लवकर तापतात, लवकर निवतात. आणि एकाच वेळी ट्यूबा आणि दोन लिटरचा चंबू यंत्रात कोंबू नये. एकाला पुरेल तो वेळ दुसऱ्याला करपवतो.

हवा लपते ती रिकाम्या काचेत. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली उभी ठेवली तर आतली हवा कुठे जाणार? वाफ आत शिरतच नाही. बाहेर १२१ अंशांची ओली वाफ, आत १२१ अंशांची कोरडी हवा. कॉख यांचा आकडा आठवा: कोरड्या हवेत १४० अंश आणि तीन तास. त्या बाटलीला आपण १२१ आणि पंधरा मिनिटं दिली, म्हणजे जवळजवळ काहीच दिलं नाही. झाकण सैल हवं, आणि झाकण सैल करूनही लांब मानेचा चंबू उभा असेल तर जड हवा तळाशी बसून राहते. तो आडवा ठेवायचा. आडवा ठेवता येत नसेल तर आत दोन-चार मिलिलिटर पाणी टाकायचं, ते उकळून स्वतःची वाफ करतं आणि हवेला बाहेर काढतं. कोरड्या काचसामानाला खरं तर भट्टी जास्त योग्य, १६० अंशांवर दोन तास.

ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झालं, असं बरेच जण धरतात. साधी टेप एवढंच सांगते की हे पुडकं यंत्रात जाऊन आलंय. किती वेळ १२१ मिळाले, ते ती सांगत नाही, आणि बंद बाटलीच्या आत काय झालं ते तर नाहीच नाही. त्यासाठी जिओबॅसिलसच्या बीजाणूंची कुपी आहे. ती ठेवायची सगळ्यांत मोठ्या बाटलीच्या शेजारी, भरलेल्या सामानाच्या मध्यभागी, आणि बाहेरून वाफ येणारं यंत्र असेल तर आणखी एक तळाच्या नळीपाशी. वरच्या कप्प्यात, काढायला सोपी म्हणून ठेवलेली कुपी डेव्हनपोर्टच्या वरच्या बाटल्यांसारखीच नेहमी निर्दोष निघेल. कुपी काढल्यावर ५५ ते ६० अंशांवर उबवायची, आणि शेजारी न तापवलेली एक कुपीही त्याच उबवणीत ठेवायची. तापवलेलीचा रंग बदलला नाही आणि न तापवलेलीचा बदलला, तरच तो दिवस वहीत पास म्हणून लिहायचा. दोघींचाही बदलला नाही, तर कुप्याच जुन्या झाल्यात, आणि त्या दिवशी आपल्याला यंत्राबद्दल काहीच कळलेलं नाही.